गेटला कुलूप, पगार थकलेला: दावा कुठे करायचा आणि कधीपर्यंत

ताई, नमस्कार. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कंपनीत मशीन ऑपरेटर होतो, 11 वर्षं. आम्ही कायम कामगार 62. पाच महिन्यांचा पगार थकलाय. एका सकाळी गेलो तर गेटला कुलूप आणि ‘काम बंद’ची नोटीस. त्याआधी दोन रात्री ट्रकमधून मशिनरी बाहेर गेलेली वॉचमनने पाहिली. नंतर पेपरात जाहिरात आली की कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, गेली आहे. त्यात दाव्याची शेवटची तारीख होती, ती चार दिवसांपूर्वी गेली. एचआरवाले एकेकाला बोलावून म्हणतात, राजीनाम्यावर सही करा, एक महिन्याचा पगार रोख देतो. काहीजण म्हणतात लेबर कोर्टात केस टाकू. आमचा सुपरवायझर विचारतो, त्याला पण मिळेल का? आम्ही नक्की काय करायचं, आणि पैसे खरंच मिळतात का?

दादा, राजीनाम्यावर सही करू नका, आणि कोणी केली नसेल तर आजच सगळ्यांना निरोप द्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

कारण साधं आहे. कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेली, तर थकलेल्या पगाराखेरीज कारखाना बंद होण्याची भरपाई मिळण्याचाही हक्क असतो. दर पूर्ण वर्षाच्या सेवेमागे 15 दिवसांचा सरासरी पगार, असा तिचा हिशोब. तुम्ही ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असं लिहून दिलंत की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात, कारखाना बंद पडल्यामुळे नाही. एका महिन्याच्या पगाराच्या बदल्यात तुम्ही 11 वर्षांची भरपाई सोडून दिलेली असते. शिवाय त्या कागदात बहुतेक वेळा ‘माझं कंपनीकडे काही येणं नाही’ अशी एक ओळ असते, ती वाचायला कुणी थांबत नाही. दुसरी गोष्ट अशी, की एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार थांबतात. कंपनीचा कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या माणसाच्या हाती जातो. त्याला जाहिरातीत ‘अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल’ म्हटलेलं असेल, बोलताना सगळे ‘आरपी’च म्हणतात, मीही तेच म्हणेन. तेव्हा एचआर आता कोणाच्या वतीने रोख वाटतंय, हा प्रश्न त्यांना लेखी विचारा आणि त्याची प्रत आरपीला पाठवा. कुणी आधीच सही केली असेल, तर त्याने कोणत्या परिस्थितीत, कोणत्या तारखेला, कोणाच्या सांगण्यावरून केली, हे स्वतःच्या अक्षरात लिहून आपल्या दाव्याला जोडावं. अशी सही नंतर झटकून टाकता येत नाही, पण तिच्यामागची हकीकत त्याच वेळी नोंदलेली असली तर भांडायला जागा राहते.

आता लेबर कोर्टाचं. तुमच्या जागी असलेले बहुतेक कामगार इथेच चुकतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आयुष्यभर ‘पगार थकला तर कामगार आयुक्त, नाहीतर लेबर कोर्ट’ हेच ऐकलेलं असतं. पण कंपनीवर नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 खाली कारवाई सुरू झाली की कलम 14 ची स्थगिती लागते. त्या काळात कंपनीविरुद्ध नवी वसुलीची केस चालत नाही आणि जुनी असेल ती जागीच थांबते. बँकेची थांबते तशी कामगाराचीही थांबते. तुमचा हक्क त्यामुळे मरत नाही. तो सांगायचा दरवाजा बदलतो. त्या दरवाजावर आरपी बसलेला असतो आणि त्याला हवा असतो दाव्याचा अर्ज.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांबरोबर मी काम केलं. कंपनीचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांकडे लेबर कोर्टाचा त्यांच्या बाजूचा आदेश होता, शिक्क्यासकट. त्या आदेशाच्या भरवशावर त्यांनी आरपीकडे दावाच दिला नाही. ‘कोर्टाचा कागद आहे ना, मग वेगळा अर्ज कशाला,’ असं त्यांचं म्हणणं होतं. दीड वर्षाने कंपनी दुसऱ्याने घेतली, त्याची योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली आणि त्या योजनेत यांचं नावच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2021 मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की मंजूर योजनेत नसलेले जुने दावे योजना मंजूर झाली त्या तारखेला संपतात. नवा मालक मागचं काही देणं लागत नाही. ते कामगार माझ्यासमोर तो शिक्क्याचा कागद घेऊन बसले होते आणि मला त्यांना सांगावं लागलं की आता हा चालत नाही. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने लिहिते आहे.

शेवटची तारीख गेली म्हणून घाबरू नका. जाहिरातीत छापलेली तारीख आरपीच्या नेमणुकीपासून 14 दिवसांची असते. ती चुकली तरी दावा घेतला जातो. नादारीची कारवाई सुरू झाल्याच्या दिवसापासून निदान 90 दिवस तुम्हाला मिळतात. त्यानंतरही दावा देता येतो, पण मग उशिराचं कारण द्यावं लागतं आणि तो उशीर माफ करायचा की नाही हे न्यायाधिकरणाच्या हाती जातं. तुम्ही फक्त चार दिवस उशिरा आहात. तो पाचवा, सहावा आणि पन्नासावा होऊ देऊ नका, इतकंच.

दावा करायचा तो फॉर्म डी वर. कामगार आणि कर्मचारी यांच्यासाठीच तो आहे. जाहिरातीच्या खाली आरपीचा ईमेल आणि पत्ता दिलेला असतो. पेपर हरवला असेल तर ibbi.gov.in या संकेतस्थळावर ही जाहिरात कंपनीच्या नावाने सापडते आणि फॉर्मही तिथे मिळतो. सगळे 62 जण मिळून एका प्रतिनिधीमार्फत दावा करणार असाल तर फॉर्म ई असतो, त्याला प्रत्येकाच्या नावाची आणि रकमेची यादी जोडायची. माझं मत विचाराल तर दोन्ही करा. एकत्र दाव्याने आरपीकडे वजन पडतं. पण एकत्र यादीत एखाद्याचं नाव चुकलं, सेवेची वर्षं कमी पडली किंवा रक्कम गाळली गेली तर ते कळतं फार उशिरा. स्वतःचा फॉर्म डी स्वतःच्या सहीने गेलेला असला की निदान तुमची रक्कम तुम्ही मांडलेली राहते. मात्र दोन्हीकडे आकडा एकच ठेवा आणि एकत्र दाव्याचा उल्लेख वैयक्तिक अर्जात करा, नाहीतर एकच पैसे दोनदा मागितल्यासारखं दिसतं.

आकडा कसा काढायचा ते तुमच्यासारख्याच एका माणसाचा हिशोब मांडून दाखवते. समजा महिन्याचा एकूण पगार 24,000 रुपये, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800. पाच महिन्यांचा थकलेला पगार झाला 1,20,000. शिल्लक हक्काची रजा 30 दिवस असेल, तर 20,800 ला 26 ने भागून दिवसाचे 800, म्हणजे 24,000. बंद होण्याची भरपाई वर सांगितल्याप्रमाणे, वर्षाला 15 दिवस: 20,800 चे निम्मे 10,400, गुणिले 11, म्हणजे 1,14,400. या तीन रकमांची बेरीज 2,58,400. ग्रॅच्युइटी यात मिसळू नका, ती वेगळ्या ओळीत लिहा: 20,800 गुणिले 15, भागिले 26, म्हणजे वर्षाला 12,000, आणि 11 वर्षांचे 1,32,000. बोनस राहिला असेल तर तोही वेगळ्या ओळीत. ओळी वेगळ्या का, ते पुढे कळेल, पण ही टाळाटाळ करण्यासारखी गोष्ट नाही. ‘एकूण येणं 3,90,400’ असं एका ओळीत लिहिणाऱ्या कामगाराचं नुकसान होतं.

भरपाईबद्दल आरपी कदाचित म्हणेल, कंपनी तोट्यात होती, नाइलाज होता, म्हणून कमी मिळेल. मालकाच्या हाताबाहेरच्या अटळ कारणाने कारखाना बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची मर्यादा पडते, हे खरं. पण नुसती पैशांची अडचण, तोटा किंवा न विकलेला माल हे अटळ कारण धरायचं नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुना औद्योगिक विवाद कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही हा नियम तसाच आहे. तुमच्याएवढ्या कारखान्याला बंद करण्याआधी 60 दिवसांची नोटीस द्यायला हवी होती. म्हणूनच एका रात्रीत लावलेल्या कुलपाचा आणि त्या गेटवरच्या नोटिशीचा फोटो महत्त्वाचा आहे. तारीख दिसेल असा काढून दाव्याला जोडा.

पुराव्याची भीती बाळगू नका. पगाराची स्लिप मिळत नव्हती, ही तक्रार मी दर महिन्याला ऐकते. नेमणूकपत्र, ओळखपत्र, जुन्या स्लिपा असतील त्या लावा. त्या नसतील तर बँकेचं पासबुक काढा. दर महिन्याला कंपनीच्या नावाने जमा होणारी रक्कम आणि अमुक महिन्यापासून तिचं थांबणं, यापेक्षा बोलका पुरावा दुसरा नाही. पीएफचं पासबुक सेवेची वर्षं सिद्ध करतं, कारण त्यावर कोणत्या महिन्यापासून कोणत्या कंपनीने पैसे भरले ते लिहिलेलं असतं. पगार रोखीने मिळत असेल तर हजेरीचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे शिफ्टचे निरोप, ‘पुढच्या आठवड्यात पगार करतो’ असा मालकाचा संदेश, हे सगळं चालतं. पगाराची मागणी केल्याचं पत्र आजवर दिलं नसेल तर आता आरपीच्या नावाने द्या आणि त्याची पोच जोडा.

आता पैसे मिळतात का, या प्रश्नावर येते. गोड बोलून काही उपयोग नाही, म्हणून सरळ सांगते: पगाराचे पूर्ण पैसे क्वचितच मिळतात. काही भाग मिळण्याची शक्यता असते आणि तो किती, हे रांगेत तुमच्या पुढे कोण उभं आहे यावर ठरतं.

रांग अशी. कंपनी कोणी घेतली नाही आणि ती लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून वाटप करायची वेळ आली, तर संहितेच्या कलम 53 चा क्रम लागतो. सर्वांत आधी या सगळ्या कारवाईचा खर्च, पूर्णच्या पूर्ण. त्यानंतर एकाच पायरीवर, बरोबरीने, दोघे: लिक्विडेशन सुरू होण्याआधीच्या 24 महिन्यांची कामगारांची देणी आणि आपलं तारण सोडून या वाटपात आलेल्या बँका. त्याखाली ‘कामगार’ नसलेले कर्मचारी, तेही फक्त 12 महिन्यांपुरते. सरकारचे कर त्याहूनही खाली. म्हणजे कायद्याने तुम्हाला बँकेच्या शेजारी बसवलं आहे, आणि हे ऐकून हायसं वाटतं. पण बँकेचं ताट तुमच्यापेक्षा कितीतरी मोठं असतं.

समजा जमीन, शेड आणि उरलेल्या मशिनरीची विक्री झाली आणि खर्च वजा जाता 6 कोटी हातात आले. बँकेचं येणं साडेबावीस कोटी, तुम्हा सगळ्यांचं मिळून दीड कोटी. एका पायरीवरची एकूण मागणी 24 कोटी आणि पैसे 6 कोटी. तेव्हा प्रत्येक रुपयाला 25 पैसे. वरच्या हिशोबातल्या माणसाच्या 2,58,400 चे होतात 64,600. पायरी पूर्ण भागली नाही, त्यामुळे खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्यांना एक पैसाही उरत नाही. हा आकडा मी कल्पनेने घेतला आहे, पण वाटप होतं ते याच रीतीने.

कंपनी दुसऱ्या कोणी योजना देऊन विकत घेतली, तर लिक्विडेशनमध्ये तुमच्या वाट्याला जेवढं आलं असतं निदान तेवढं तरी त्याने द्यावंच लागतं. जास्त देणं त्याच्या मनावर आणि बँकांच्या समितीवर. त्या समितीत कामगारांना मत नसतं. कामगार, पुरवठादार अशा सगळ्यांची देणी मिळून एकूण कर्जाच्या 10 टक्के होत असतील तर त्यांच्या एका प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं, ऐकता-बोलता येतं, पण हात वर करता येत नाही. म्हणून योजना मंजूर होण्याआधीच आकडा बरोबर नोंदवून घेणं एवढंच तुमच्या हातात उरतं, आणि ते फार मोलाचं आहे.

तुमच्या सुपरवायझरचं नशीब ठरतं ते याच पायऱ्यांमुळे. ‘कामगार’ म्हणून मोजले गेले तर ते बँकेच्या बरोबरीने, नाहीतर खालच्या पायरीवर, जिथे वरच्या उदाहरणात काहीच पोचलं नाही. जुन्या कायद्यात देखरेखीचं काम करणाऱ्याला महिना 10,000 च्या वर पगार असेल तर तो कामगार धरला जात नसे. नव्या संहितेत ही रेषा 18,000 ची आहे. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पदाच्या नावावरून काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं त्यावर ठरतं. ‘सुपरवायझर’ असं ओळखपत्रावर छापलेला माणूस दिवसातले सहा तास स्वतः मशीनवर उभा राहत असेल, कुणाची रजा मंजूर करायचा, कुणाला मेमो द्यायचा अधिकार त्याला नसेल, तर त्याने दाव्यात ‘कामगार’ म्हणूनच नोंद मागावी. सोबत आपल्या रोजच्या कामाचं साधं वर्णन द्यावं आणि दोन सहकाऱ्यांची त्यावर सही घ्यावी. आरपी पदनाम बघून त्यांना खालच्या यादीत टाकेल अशी शक्यता मोठी आहे, म्हणून अर्जासोबतच हे जावं. खरोखर देखरेखच करत असतील तर मात्र खोटं लिहू नये. त्यांचा दावा कर्मचारी म्हणून जाईल आणि त्यांची पीएफ, ग्रॅच्युइटी तरीही शाबूत आहे.

ती शाबूत कशी, ते सांगते, कारण तुमच्या पत्रात पीएफचा शब्दही नाही आणि मला त्याचीच सर्वांत काळजी आहे. कामगार किंवा कर्मचाऱ्याची भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरायचीच नाही, असं कलम 36 मध्ये आहे. म्हणजे ती रांगेतच उभी राहत नाही. बँकेला त्यात वाटा नाही. म्हणून ग्रॅच्युइटी वेगळ्या ओळीत लिहायला सांगितलं. मालकाने ग्रॅच्युइटीसाठी वेगळा निधी, उदाहरणार्थ एलआयसीकडे, ठेवलेला असेल तर काम सोपं. ठेवलेला नसेल तर वाद होतो: निधीच नाही तर बाहेर काढायचं काय, असं आरपी म्हणतो. अशा वेळी जेट एअरवेजच्या निकालाचा आधार घ्या. एप्रिल 2019 मध्ये विमानं जमिनीवर आली, जूनमध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणात कारवाई सुरू झाली आणि कर्मचारी पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी भांडत राहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती पूर्ण द्यायला सांगितली, जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही. तरी पुढे कंपनी घेणाऱ्यांनी योजना पुरी केली नाही आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने जेटला लिक्विडेशनमध्ये पाठवलं. निकाल जिंकल्यावरही पैसे हातात पडायला किती काळ जातो, हे या तारखांवरून तुम्हीच पाहा, आणि घरखर्चाचा हिशोब या पैशांवर बेतू नका.

पीएफसाठी आज रात्रीच passbook.epfindia.gov.in वर आपला यूएएन टाकून पासबुक उघडा. जिथे पगार पाच महिने थकतो, तिथे पीएफ त्याच्याही आधीपासून भरलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. समजा पगार मिळत होता त्या काळातले नऊ महिने पीएफ जमा झालेला दिसत नाही. 15,000 च्या मर्यादेवर कपात होत असेल तर तुमचे 1,800 आणि मालकाचे 1,800, महिन्याला 3,600, नऊ महिन्यांचे 32,400. तुमच्या पगारातून कापून न भरलेली रक्कम हा कायद्याच्या नजरेत विश्वासघाताचा गुन्हा आहे आणि तो संचालकांवर येऊ शकतो. कंपनीला मिळालेली स्थगिती त्यांच्या फौजदारी जबाबदारीवर पांघरूण घालत नाही. नाशिकच्या पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्या, epfigms.gov.in वरही नोंदवा आणि पत्रात स्पष्ट लिहा की कंपनीवर एनसीएलटीत कारवाई सुरू आहे, आपल्या कार्यालयाने आरपीकडे दावा दाखल करावा. पीएफचा दावा त्या कार्यालयाने करायचा असतो, पण त्यांना वेळेत कळलंच नाही तर तेही उशिरा पोचतात. तोच आकडा तुमच्या फॉर्म डी मध्येही वेगळ्या ओळीत घाला.

ट्रकची गोष्ट आरपीला लेखी कळवा. तारीख, अंदाजे वेळ, गाडीचा नंबर लक्षात असेल तर तो, कोणती मशीन गेली आणि वॉचमनचं नाव. कारवाईच्या आधीच्या काळात मालकाने मालमत्ता कमी किमतीत किंवा आपल्याच माणसांच्या नावे वळवली असेल, तर ते व्यवहार उलटवण्यासाठी आरपी न्यायाधिकरणात जाऊ शकतो. नातेवाईक किंवा आपल्याच दुसऱ्या कंपनीला खास झुकतं माप दिलं असेल तर दोन वर्षं मागेपर्यंत पाहता येतं. आरपी नवा माणूस असतो, त्याला शॉपफ्लोअरवर किती सीएनसी मशीन होत्या हे फक्त रजिस्टरमधून कळतं. तुम्हाला त्या डोळ्यांसमोर आहेत. परत आलेलं प्रत्येक मशीन वरच्या 6 कोटींत भर घालतं.

आणखी एक. आरपी कारखाना चालू ठेवायचं ठरवून काही जणांना कामावर बोलावू शकतो. बोलावलं तर जा आणि हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवा. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2022 मध्ये एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात सांगितलं, की कारवाई चालू असताना कंपनी खरोखर चालवली गेली आणि तुम्ही खरोखर काम केलं, तर त्या काळाचा पगार कारवाईच्या खर्चात धरला जातो. म्हणजे पहिल्या पायरीवर, बँकेच्याही आधी. नुसतं हजेरीपटावर नाव असून काम नसेल, तर ते दिवस या खर्चात येत नाहीत.

आरपीने दावा मान्य करताना रक्कम कापली तर कारण लेखी मागा. पटलं नाही तर न्यायाधिकरणात कलम 60(5) खाली अर्ज करता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क 1987 च्या कायद्यातच दिलेला आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पुढे कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली तर पुन्हा जाहिरात येईल आणि पुन्हा दावा मागवतील, तिथे 30 दिवस मिळतात. आधीचा दावा असला तरी नव्याने द्या, कारण आता हिशोब त्या नव्या तारखेपर्यंतचा असतो. तिथे दावा फेटाळला तर अपिलाला फक्त 14 दिवस असतात.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्या गेटला कुलूप लागलं आहे पण एनसीएलटीचा पत्ता नाही, त्यांचा रस्ता वेगळा आहे. त्यांच्यावर स्थगिती नाही, म्हणून त्यांनी वाट पाहू नये. वेतन संहितेनुसार कारखाना बंद पडून नोकरी गेली तर सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. नाही दिला तर कामगार आयुक्तालयातल्या वेतन प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायला तीन वर्षांची मुदत आहे. तो थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो आणि वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. मालक एकटा असेल किंवा भागीदारी असेल तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंतही पोचता येतं. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये सहसा तसं होत नाही. मात्र हा अर्ज आज करा, कारण उद्या बँकेने एनसीएलटीत धाव घेतली की तुमचीही गाडी आरपीच्याच दारात येऊन थांबेल. कामगार स्वतः कंपनीला एनसीएलटीत नेऊ शकतात, युनियनही नेऊ शकते, पण थकबाकी एकूण निदान 1 कोटी असावी लागते आणि तिथे गेल्यावर वरची सगळी रांग लागते. म्हणून मालकाकडे थोडीफार मालमत्ता शिल्लक असेल तर मी आधी वेतन प्राधिकाऱ्याचा रस्ता सुचवते.

दादा, तुमच्यासाठी उद्याचं काम हे: बँक पासबुकाच्या गेल्या दोन वर्षांच्या पानांच्या प्रती, पीएफ पासबुकाची प्रिंट, ओळखपत्र, गेटचा फोटो आणि वरच्यासारखा ओळीओळीने मांडलेला हिशोब, हे फॉर्म डी ला लावा. ईमेलने पाठवा आणि तेच स्पीड पोस्टनेही पाठवा. ईमेलच्या विषयात कंपनीचं नाव आणि ‘कामगाराचा दावा’ असं लिहा. पोस्टाची पावती हरवू नका. आठवड्याभरात आरपीकडून पोच आली नाही तर फोन करून दाव्याच्या यादीत नाव चढलं का ते विचारा, आणि आकडा काय चढला तोही विचारा.